पत्रकाची मागची बाजू आणि तीस दिवस

प्रश्न : मुलगा दहावीला होता. जानेवारीत पेपरातून रिव्हिजन कोर्सचं पत्रक आलं, ‘९० टक्के हमखास, नाहीतर पूर्ण फी परत’. कापूस विकून १४,४०० रुपये भरले, त्यातले २,४०० रोख, त्याची पावती दिली नाही. वर्गात सर नव्हतेच, पडद्यावर व्हिडिओ लावायचे. पाच दिवसांनी मुलाने जाणं सोडलं. निकाल ७१ टक्के. आता ते म्हणतात, सगळ्या चाचण्या दिल्या नाहीत म्हणून हमी लागू नाही, आणि फॉर्मवर ‘फी परत मिळणार नाही’ असं लिहिलं आहे. पैसे मिळतील का? — एक पालक, ता. चोपडा, जि. जळगाव

उत्तर : आपण पाठवलेल्या पत्रकाच्या दोन्ही बाजू मी वाचल्या. आपण मात्र पुढचीच बाजू वाचून पैसे भरलेत आणि भांडणही तिच्यावरच उभे करत आहात. पुढची बाजू पालकांसाठी आहे. तिच्यावर टक्के आणि हमी आहे. मागची बाजू विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तिच्यावर ‘२४ दिवस, रोज वर्गात अनुभवी शिक्षक, शंका तिथेच दूर’ असे छापलेले आहे. आपली तक्रार या मागच्या ओळीवर उभी राहील.

हमीचा मुद्दा मी मुख्य करणार नाही. मुलगा सहाव्या दिवसापासून गेला नाही, त्यामुळे कोर्स पूर्ण केला असता तर ९० टक्के मिळाले असते की नाही हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. चाचण्यांची अट फॉर्ममध्ये दडवून जाहिरातीत हमी छापणे ही दिशाभूल आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा जाहिरातीतील मूळ दाव्याच्या विरोधात जाता कामा नये. हा मुद्दा तक्रारीत घ्यावा, पण त्याच्या जोरावर पैसे परत मिळतील असे मी खात्रीने सांगणार नाही. शिक्षक देऊ म्हणून व्हिडिओ दाखवणे ही मात्र सेवेतील सरळ त्रुटी आहे. ती गुणांवर अवलंबून नाही. मुलगा अल्पवयीन असल्याने त्याच्या वतीने पालकाला तक्रार करता येते, म्हणून त्याला दिलेले आश्वासन आपल्यालाही वापरता येईल.

आता ज्यावर सारे ठरणार आहे त्याकडे येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. सदोष सेवा थांबवून तिचे पैसे पावतीवरील मुदतीत, आणि पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही त्यातील एक प्रथा आहे. नकार दाखवायचा तर आधी मागणी दाखवावी लागते, आणि आपण जानेवारीपासून आजवर एक ओळही लिहिलेली नाही. फोनवर बोललात, एकदा जाऊन भेटलात. ‘विद्यार्थी स्वतःहून गैरहजर राहिला, आम्ही जागा राखून ठेवली होती’ असे समोरचा म्हणेल तेव्हा त्या भेटीचा काहीही उपयोग होणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ पालकांची हीच चूक असते, आणि ती पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण ती एका साध्या पत्राने टळली असती.

सुदैवाने आपल्या मुलाने लिहिले आहे. १९ जानेवारीला त्याने वर्गाच्या ग्रुपवर ‘सर, शिकवायला कोणी येणार आहे का?’ असे विचारले आणि ‘सध्या व्हिडिओ बघा’ असे उत्तर आले. आपल्या प्रकरणातला सर्वांत भक्कम कागद तोच आहे. तो संदेश पुसू नका, फोन विकू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचे प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याबाबत एवढा काटेकोर नसतो, तरी ते जोडलेले बरे.

याच आठवड्यात नोंदणीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. त्यात पत्रकाच्या मागच्या बाजूची ओळ जशीच्या तशी उतरवा, १९ जानेवारीचा संदेश लिहा आणि तीस दिवसांत पैसे मागा. रोजचे ६०० रुपये धरले तर पाच दिवसांचे ३,००० वजा जाता ११,४०० होतात. मागणी पूर्ण १४,४०० ची ठेवा आणि ११,४०० ची पर्यायी ठेवा. ऑनलाइन भरलेल्या १२,००० चा बँकेचा उतारा काढून घ्या. रोख रकमेची पावती न देणे हीसुद्धा याच कलमाखालची अनुचित प्रथा आहे, पण ती रक्कम दिल्याचे समोरच्याने नाकारले तर हाती काय लागेल हे सांगता येत नाही.

‘फी परत मिळणार नाही’ या अटीचा धाक बाळगू नका, पण ती अट रद्द ठरवून मागूही नका. अनुचित करार रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे, आणि जिल्हा आयोगात तशी मागणी केली की अधिकारक्षेत्राच्या वादात वर्ष जाते. त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढ्यावरच थांबा.

संस्थेचे मुख्य कार्यालय पुण्यात असले तरी आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या आयोगात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि ११,४०० रुपयांसाठी पालकांना शेतीची कामे सोडून फेऱ्या माराव्या लागतात, याचा मला संताप येतो. म्हणून पत्र गेल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवा. पुष्कळदा संस्था तिथेच तडजोडीला येते. तडजोड झाली तर पैसे खात्यात जमा झाल्याखेरीज ‘तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका.