चहाची टपरी आणि चक्रवाढ व्याज

चक्रवाढ व्याज समजावणाऱ्या तुझ्या व्हिडिओसाठी टपरीचं उदाहरण छान आहे, पण धंद्याचा नफा म्हणजे व्याज असं दाखवू नकोस. नफा रोज बदलतो. त्यापेक्षा टपरीवाल्या काकांनी गल्ल्यातले १०,००० रुपये वर्षाला १० टक्क्यांनी ठेवले, असं घे. पहिल्या वर्षी व्याज १,०००. ते काढलं नाही, तर दुसऱ्या वर्षी १,१००, कारण आता व्याज ११,००० वर बसतं. इथे दोन सेकंद थांब, सगळी गंमत याच १०० रुपयांत आहे.

नवखे व्हिडिओवाले बहुतेक हे उदाहरण तिसऱ्या वर्षीच थांबवतात. तेव्हा सरळ व्याजापेक्षा फरक फक्त ३१० रुपयांचा, बघणाऱ्याला तो जाणवतच नाही. थेट विसाव्या वर्षावर जा: सरळ व्याजाने ३०,०००, चक्रवाढीने सुमारे ६७,२७५. सूत्र, कर, महागाई पुढच्या व्हिडिओत. दर मात्र ‘समजा’ म्हणूनच सांग.