महसूल, तहसील आणि ‘काय हशील?’

‘तहसील, महसूल आणि “त्यात काय हशील?” मधलं हशील हे एकाच घरातले शब्द आहेत का? आणि वसूलही?’

पहिले तिघे सख्खे भाऊ आहेत. वसूल मात्र शेजारचा.

तिघांचं मूळ अरबीतली ह-स-ल ही तीन व्यंजनं. त्यांचं साधं क्रियापद ‘हसला’ (आपल्या हसण्याशी संबंध नाही), अर्थ ‘घडलं, हाती आलं’. अरबीत मुळाची व्यंजनं सहसा टिकतात, अर्थ बदलतो तो त्यांच्याभोवतीच्या साच्याने. ‘हासिल’ म्हणजे हाती येणारं; तेच आपलं हशील. ‘महसूल’ म्हणजे हाती आलेलं; अरबीत आजही शेतातल्या पिकाला महसूल म्हणतात.

तहसीलसाठी मधलं अक्षर दुप्पट करावं लागतं: हस्सला. आता गोष्ट आपसूक हाती येत नाही, कुणीतरी ती गोळा करतो. त्याचं भाववाचक नाम तहसील, म्हणजे गोळा करणं. पुढे फारसी ‘दार’ लागला आणि तहसीलदार झाला.

आपण शिकणेचं शिकवणे करताना ‘व’ घालतो, ते काम अरबी बऱ्याचदा या दुपटीने करते. अ-ल-म हे मूळ घ्या (यातला अ म्हणजे घशातून येणारा ऐन). ‘अलिमा’ म्हणजे त्याला कळलं, ‘अल्लमा’ म्हणजे त्याने शिकवलं. अल्लमाचं नाम ‘तअलीम’, आपल्या पैलवानांची तालीम! याच दुपटीच्या आधी ‘त’ जोडला की क्रिया कर्त्याकडे वळते: ‘तअल्लमा’, तो शिकला. आणि सुरुवातीला ‘इस्त’ लावला की मागणं येतं: ‘इस्तअलमा’, त्याने माहिती विचारली.

मात्र साचा अर्थाची दिशा दाखवतो, हमी देत नाही. दुपटीने कधी ‘करवणं’ येतं, तर कधी जोर: ‘कतला’ म्हणजे ठार मारलं, ‘कत्तला’ म्हणजे कत्तल उडवली. शिवाय प्रत्येक मूळ सगळ्या साच्यांत वापरात नसतं. त्यामुळे कोश उघडावाच लागतो, आणि जुन्या पद्धतीच्या अरबी कोशात शब्द मुळाखाली शोधायचा. तहसील ‘त’मध्ये शोधलात तर सापडणार नाही.

आता वसूल. कर वसूल होतो, महसूलही होतो, यमकही जुळतं, म्हणून फसगत होते. पण त्याचं मूळ व-स-ल, ‘पोहोचणं’. वसूल म्हणजे पैसा येऊन पोहोचला. यात ‘ह’ नाही, हीच खूण. व-स-लपासून महसूलच्या साच्यात शब्द केला तर तो ‘मौसूल’ होतो.

जाता जाता, तहसीलच्याच साच्यातला आणखी एक: तसदी. मूळचा ‘तस्दीअ’, डोकेदुखी देणं. कुणी ‘तसदीबद्दल क्षमस्व’ म्हणालं, की तो शब्दशः डोकेदुखीचीच माफी मागत असतो.