पहिला मासा कोणता घ्यावा: आधी काटे कुठे असतात ते बघा

प्रश्न: घरात कोणीच मासे खात नाही, मी आणि बायको आता सुरुवात करतोय. पुण्यात राहतो. काट्यांची फार भीती वाटते, उग्र वासही नको. एका वेळी पाचशे रुपयांच्या वर खर्च नको. कोणते मासे घ्यावेत आणि कशाचं काय करावं?

माझं माहेर देवगडकडचं आणि गेली अठरा वर्षं मी पुण्यात गणेश पेठेतून मासे आणते. सुरुवात सुरमईच्या शेपटीकडच्या तुकड्यांनी करा. बजेटमध्ये तेही बसत नसेल तर उजनीची चिलापी घ्या. हे दोन पचनी पडले की बांगडा. आणि पहिले दोन महिने करली, पाला, भिंग यांच्या वाटेला जाऊ नका, कोणी कितीही चव सांगितली तरी.

असं का, ते सांगते. माशाचा भाव आणि काटे यांचा एकमेकांशी संबंध नाही. पाला महाग असतो आणि काट्यांनी भरलेला असतो. मांदेली स्वस्त असते आणि तिचे काटे कुरकुरीत तळले की कळतही नाहीत. म्हणून काटे किती यापेक्षा ते कुठे असतात हे आधी बघायचं. सगळ्या माशांना मधला कणा असतो, पोटाभोवती फासळ्या असतात आणि पंखांच्या मुळाशी बारीक काटे असतात. हे तिन्ही दिसतात, हाताला लागतात, बाजूला काढता येतात. खरा त्रास चौथ्या प्रकाराचा. करली, पाला, भिंग यांच्या मांसातच केसासारखे बारीक काटे विखुरलेले असतात, ते कणा काढला तरी मागे राहतात. रोहू-कटल्याच्या पाठीच्या मांसात तसेच दोन फाटे फुटलेले काटे असतात.

माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याला आयुष्यातलं पहिलं माशाचं जेवण म्हणून करलीचं कालवण वाढलं गेलं. दुसऱ्याच घासाला काटा घशात अडकला. घरच्यांनी सांगितलं म्हणून त्याने कोरड्या भाताचे गोळे गिळले, काटा आणखी खोल रुतला आणि रात्री कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन चिमट्याने काढावा लागला. त्यानंतर त्याने मासा खाल्लेला नाही. काटा अडकलाच तर भाताचे, भाकरीचे गोळे गिळू नका. हळू खोकून बघा. टोचणं थांबलं नाही तर सरळ डॉक्टर गाठा.

आता सुरमई. आमच्याकडे हिला इसवणही म्हणतात. हिची आडवी तुकडी हातात घेतलीत की मधोमध एक गोल हाड दिसेल. डोक्याकडच्या आणि मधल्या तुकड्यांना खाली पोटाची पोकळी असते, तिच्या कडेने फासळ्या असतात. शेपटीकडच्या तुकड्यांत पोकळीच नाही, म्हणून फासळ्याही नाहीत. मधलं हाड तेवढं सोडायचं, फार तर त्याला लागून एखादा बारीक काटा. तुकडी लहान असते, पण नवख्या माणसाला तीच बरी. चव सौम्य, मांस घट्ट, वास कमी.

भावाचं गणित असं आहे. आमच्या बाजारात मोठ्या सुरमईचा किलोचा भाव साधारण बांगड्याच्या तिप्पट-चौपट असतो. पाचशे रुपयांत अख्खी मोठी सुरमई कुठून येणार? पण मोठा मासा कापून विकणाऱ्या मावशींकडून चार तुकड्या घेता येतात. दोघांना तळायला तेवढ्या पुरतात. किंवा अर्धा-पाऊण किलोची लहान सुरमई अख्खी घ्यायची, तिचा भाव मोठीपेक्षा बराच खाली असतो. मात्र लहान माशाचं वजन डोक्यासकट होतं आणि डोकं, पोट, शेपूट गेल्यावर साधारण तिसरा हिस्सा कमी होतो. ‘वजन साफ करायच्या आधीचं का नंतरचं?’ हे भाव ठरवतानाच विचारा. डोकं टाकू नका, त्याचं कालवण होतं. तुमचं ते काम नंतरचं, तोवर शेजाऱ्यांना द्या.

तुकड्या बोटभर जाड कापून घ्या. पातळ असतील तर तव्यावर वाळतात, फार जाड असतील तर आत कच्च्या राहतात. घरी एकदाच धुवा, मीठ, हळद, तिखट, आलं-लसणाचं वाटण आणि कोकमाचं आगळ किंवा लिंबू लावून वीस मिनिटं ठेवा. आंबट लावून तासन्‌तास ठेवू नका, मांस भुसभुशीत होतं. मग तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवा आणि तव्यावर मध्यम आचेवर एक बाजू चार-पाच मिनिटं. कड तव्यापासून आपोआप सुटली की उलटा, आधी खरवडायला गेलात तर सगळं आवरण तव्याला राहतं. मधल्या हाडाजवळ सुरीचं टोक घालून बघा: मांस पांढरं, अपारदर्शक झालं असेल आणि हाडापासून सुटत असेल तर झालं.

चिलापी पुण्यात सहज मिळते, भिगवणला तर लोक मुद्दाम तीच खायला जातात. हिच्या मांसात ते विखुरलेले काटे नसतात, कणा आणि फासळ्या एवढंच. भाव सुरमईच्या पासंगालाही लागत नाही. अडचण एकच, गोड्या पाण्यातल्या माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो. साफ केल्यावर मीठ-हळद-लिंबू चोळून दहा मिनिटं ठेवायची आणि धुऊन टाकायची, बराचसा जातो. तळून किंवा जरा झणझणीत रश्शात चांगली लागते, नारळाच्या सौम्य कालवणात मला ती आवडत नाही. जून-जुलैमध्ये समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, सुरमई महाग होते आणि बरीचशी बर्फातली असते. तेव्हा चिलापीच घ्या.

गोड्या पाण्यातला कटला घ्यायचाच असेल तर दोन किलोच्या वरचा मासा कापत असतील तिथून फक्त पोटाकडच्या तुकड्या मागा, ‘पेटी’ म्हटलं की बहुतेक विक्रेत्यांना कळतं. तिथे जाड फासळ्या असतात, बोटाने उपसून निघतात. पाठीचा भाग घेऊ नका.

पापलेट लोक पहिलं सुचवतात आणि ते चुकीचं नाही. काटे मऊ, चव नाजूक, 2023 मध्ये राज्याने त्याला राज्य मासा म्हणून मान दिला. पण तुमच्या पैशात हाताएवढी दोन लहान पापलेटं येतील आणि पहिल्याच वेळी मसाला करपला तर जीव हळहळेल. तव्यावर हात बसला की घ्या. हलवा हा मासा त्यापेक्षा स्वस्त पडतो, पण त्याची चव जरा गडद असते.

बासा नाही म्हटलं तरी घ्यालच, कारण तो काटे काढलेल्या तुकड्यांत मिळतो. तिखट कुरकुरीत आवरणात ठीक लागतो. रश्शात टाकू नका, विरघळून जातो. त्याला स्वतःची चव फारशी नाही, त्यामुळे बासा खाऊन मासे आवडतात की नाही हे कळणार नाही.

बांगडा मला सगळ्यांत जवळचा, म्हणून त्याच्यावर जास्त लिहिते. अर्ध्या किलोत तीन ते चार येतात आणि पाचशेच्या निम्म्यातही सहसा भागतं. तेलकट मासा आहे, चव ठसठशीत, म्हणून तो तुमच्या तिसऱ्या-चौथ्या वेळेसाठी. खायची रीत अशी: तळलेला बांगडा ताटात आडवा ठेवा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत कुशीच्या मधोमध एक रेषा दिसते. त्या रेषेवर बोट किंवा चमचा दाबत न्या, वरची पट्टी पाठीकडे आणि खालची पोटाकडे सुटते. बारीक काटे त्या रेषेवरच ओळीने असतात, ते उचलून टाका. पोटाकडच्या पट्टीला फासळ्या चिकटून येतात, त्या बोटाने चाचपून काढा. मग कणा शेपटीकडून उचला, अख्खा निघून येतो आणि खालची बाजू मोकळी होते.

पण बांगडा शिळा कधीच घेऊ नका. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाशिवाय उन्हात राहिले की त्यांच्या मांसात एक पदार्थ तयार होतो. त्याने तोंड मिरी चावल्यासारखं चुरचुरतं, चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते. तळून-उकळून तो जात नाही. पहिल्या घासाला तसं चुरचुरलं तर ताट बाजूला करा. घेतानाच कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. तपकिरी, चिकट असेल तर पुढे चला. डोळा भरलेला, चमकदार हवा. अंगावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून आला पाहिजे. ऊन असेल तर बर्फ घातलेली पिशवी घेऊनच बाजारात जा.

वास नको असेल तर बांगडा तळायच्या ऐवजी तिखलं करून बघा. लाल मिरची, हळद, कोकम, मीठ आणि ठेचलेली चार-पाच तिरफळं, पाणी अगदी बेताचं. तेलकट माशाचा उग्रपणा तिरफळ ओढून घेतं. तिरफळातली काळी बी आधी काढून टाका, ती कडू लागते.

बोंबील आणि मांदेली वाट्यावर मिळतात, खिसा सांभाळतात. बोंबलाचा काटा इतका मऊ की चावून जातो, पण अंगात पाणीच पाणी. मावशींकडून मधून चिरून घ्या, मीठ लावून दोन ताटांच्या मध्ये वर वजन ठेवून अर्धा तास दाबा, मगच तळा. नाहीतर तव्यावर लगदा होतो. घेतलेल्या दिवशीच संपवा. मांदेलीचं डोकं-पोट काढून रव्यात घोळवा आणि लालसर कडक तळा, काट्यासकट खाता येते. कालवणात तेच काटे मऊही होत नाहीत आणि वेगळेही निघत नाहीत, म्हणून तुम्ही तिचं कालवण करू नका.

या रविवारी गेलात तर सकाळी आठच्या आत जा. ‘मावशी, मोठ्या सुरमईच्या शेपटीकडच्या चार तुकड्या, बोटभर जाड’ एवढंच म्हणा. आम्ही पहिल्यांदा करतोय हेही सांगा. माझ्या नेहमीच्या मावशी तर असं कोणी सांगितलं की तुकड्या स्वतः निवडून देतात आणि चांगल्या निघत नसतील तर ‘आज नको, उद्या ये’ म्हणून परत पाठवतात.