36 पैकी 29 गुण, तरी आठ दिवसांचा अबोला

ताई, लग्नाला सव्वा वर्ष झालं. पत्रिकेत 36 पैकी 29 गुण जुळले होते. यंदा कापसाचा चुकारा आला अन् ह्यांनी मले न सांगता अर्धे पैसे नणंदेले उसने दिले. मले तिच्याच तोंडून समजलं. आठ दिवस मी बोलली नाही. जोडी वरूनच ठरते म्हणतात, मग आमची चुकली का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

तुझा राग रास्त आहे. मला खटकला तो शेवटचा प्रश्न. चुकाऱ्यावरून निघालेली गोष्ट एका उडीत थेट जोडीवर गेली. मधे एक साधा प्रश्न होता, "मला का नाही सांगितलं?" तो तू मला लिहिलास, नवऱ्याला विचारला नाहीस.

रेमंड नी नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1998 मध्ये नात्याबद्दलच्या दोन समजुती तपासल्या. एक, जोडी जुळलेली तरी असते किंवा नसते. दुसरी, नातं खटके सोसत घडतं. पहिली समजूत पक्की असलेल्यांचं सुरुवातीला छान जमलं तर नातं टिकायचं, नाहीतर लवकर तुटायचं. अडचण आली की ते अंग काढून घ्यायचे. ती कॉलेजातली पोरं होती, सोडून जाऊ शकत होती. आपल्याकडे ती वाट नसते, म्हणून आपण अबोला धरतो. आणि दोन्ही समजुती एकाच माणसात असू शकतात, त्यामुळे पत्रिका फाडायची गरज नाही.

रात्री भांडी आवरली की त्यांना म्हण, "ताईंना दिले त्याचं काही नाही. मला त्यांच्याकडून कळलं, ते लागलं." "तुम्ही नेहमी असंच करता" हे टाळ, त्यावर माणूस स्वभावाची बाजू मांडत बसतो, पैशाचं राहून जातं. मग पुढचं ठरव: तुरीचा चुकारा आला की सोसायटीचं किती, कृषी केंद्राची उधारी किती, हे आधी दोघांनी बसून पाहायचं, मग उसनवारी.

तुरीलाच कळेल. कुरकुरत का होईना, त्यांनी पावती तुझ्यापुढे ठेवली तर नातं हललं. पुन्हा बाहेरूनच कळलं, तर बदलते आहेस ती एकटी तू. सासरमाहेरची मंडळी त्याला "जमवून घे" म्हणतात; नातं घडणं म्हणजे ते नव्हे. तसं झालं तर घरातल्या कुणा मोठ्याला मधे घे. आणि हात उचलणं, खर्चाला पैसे न देणं यांना खटके म्हणू नकोस. त्यासाठी 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.

तूर घरात यायला अजून वेळ आहे. आज निदान भाजी काय टाकू, एवढं तरी विचार त्यांना.