कोंड्याच्या कॅलरी: चार, दोन की शून्य?

प्रश्न: मी रोज गव्हाचा कोंडा खाते. अ‍ॅपमध्ये १०० ग्रॅमला २१६ कॅलरी दिसतात, पण प्रोटीन, फॅट, कार्ब यांना ४-९-४ ने गुणलं तर ३५८ येतात. कोणता आकडा धरायचा? फायबर वजा करायचं का?

उत्तर:

२१६ धरावा. ३५८ हा आकडा गणित म्हणून बरोबर आहे, पण शरीराच्या दृष्टीने त्याला काहीही अर्थ नाही. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

मी काही वर्षे अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी करत होते. त्या काळात एका महिला बचत गटाने कोंडा घालून केलेल्या खाकऱ्याचा नमुना आमच्याकडे आणला. एका दुकानदाराला ‘कमी कॅलरी, जास्त फायबर’ असा माल हवा होता आणि त्यासाठी त्यांना प्रयोगशाळेचा अहवाल लागणार होता. बायकांनी फायबरच्या चाचणीचे वेगळे पैसे भरले. ही चाचणी किचकट असते: स्टार्च आणि प्रथिने विकरांनी पचवून काढून टाकायची, विरघळलेले फायबर अल्कोहोलने खाली बसवायचे, गाळायचे, वाळवायचे, वजन करायचे आणि त्यात उरलेली प्रथिने व राख पुन्हा वजा करायची. ती मी स्वतः केली आणि फायबर भरपूर निघाले. अहवालात मात्र ऊर्जेचा आकडा साध्या खाकऱ्याच्या जवळपास तेवढाच छापला गेला, कारण आमच्या वरिष्ठांनी कर्बोदकांच्या संपूर्ण आकड्याला सरळ चारने गुणले होते. दुकानदाराने माल नाकारला.

हे कसे घडते ते समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे नेहमीच्या तपासणीत कर्बोदके कोणी मोजतच नाही. ओलावा, राख, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ मोजले जातात, त्यांची बेरीज शंभरातून वजा केली जाते आणि जे उरेल त्याला कर्बोदके म्हटले जाते. त्या उरलेल्यात साखर आणि स्टार्च येतात, तसेच फायबरही येते. तुमच्याच कोंड्याचा हिशेब पाहा. १०० ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे १५.५, स्निग्ध पदार्थ ४.३ आणि कर्बोदके ६४.५ ग्रॅम आहेत, आणि या ६४.५ मध्ये ४२.८ ग्रॅम निव्वळ फायबर आहे. म्हणजे ज्याला तुम्ही चारने गुणलेत, त्यातला दोन तृतीयांश भाग लहान आतड्यात पचतच नाही.

मी हरकत घेतली तेव्हा वरिष्ठांचे म्हणणे होते, “अगं, बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये जाळून बघ. कोंडाही ग्रॅमला चारच देतो.” हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो आणि जाळण्यापुरता तो खराही आहे. फायबरमधले सेल्युलोज आणि स्टार्च हे दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असल्यामुळे जळताना जवळपास सारखीच उष्णता देतात. परंतु ग्लुकोजचे कण ज्या बंधांनी जोडलेले असतात ते दोन्हींत वेगळे आहेत, आणि सेल्युलोजमधला बंध तोडणारे विकर माणसाकडे नाही. त्यामुळे फायबर न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू त्यातले काही आंबवतात, आणि त्यातून तयार होणारी अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान आम्ले शरीर शोषून घेते. आपल्याला मिळते ती ऊर्जा एवढीच. बाकीची काही जिवाणूंच्या वाढीत, काही वायूंत आणि काही उष्णतेत जाते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २००३ च्या अहवालाने हाच हिशेब मांडला आहे: आंबणाऱ्या फायबरपासून ग्रॅमला ११ किलोज्यूल मिळतात, नेहमीच्या आहारातले सुमारे ७० टक्के फायबर आंबते, म्हणून सरासरी ८ किलोज्यूल, अर्थात दोन कॅलरी. युरोपीय संघातल्या वेष्टनांवरही फायबरसाठी दोनच धरतात.

चार हा आकडा रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत काढला. तो मिश्र आहारासाठी होता आणि त्यात विष्ठेतून जाणारा थोडासा भाग त्यांनी वजाही केला होता. त्यांचा दोष नाही. दोष आहे तो आहारासाठी काढलेली सरासरी एकट्या कोंड्याला लावणाऱ्यांचा.

आता कोंड्याच्या फायबरला दोन आणि बाकीच्याला चार लावले, तर बेरीज साधारण २७३ येते. मग २१६ कुठून आले? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत प्रत्येक अन्नगटासाठी वेगळे गुणक वापरले जातात. कोंड्याच्या कर्बोदकांना तिथे २.३५ आणि प्रथिनांना चारऐवजी अवघे १.८२ लावतात, कारण कोंड्यातली बरीच प्रथिने पेशींच्या जाड भिंतींत अडकून तशीच बाहेर पडतात.

आपल्याकडचा, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा, जुना तक्ताही या दोषातून सुटलेला नाही, आणि कित्येक आहारतज्ज्ञ आजही त्यावरूनच आकडे देतात. त्यात ज्वारीच्या १०० ग्रॅमला कर्बोदके ७२.६ ग्रॅम, फायबर केवळ १.६ ग्रॅम आणि ऊर्जा ३४९ कॅलरी दिली आहे. हे १.६ म्हणजे ‘क्रूड फायबर’, जे नमुना आम्लात आणि मग अल्कलीत उकळून उरते, आणि त्या उकळण्यात बहुतेक फायबर विरघळून निघून जाते. त्याच संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ज्वारीचे फायबर १०.२ ग्रॅम आहे. याचा अर्थ जुन्या ७२.६ मध्ये साडेआठ ग्रॅमच्या आसपास फायबर स्टार्च म्हणून बसले होते आणि त्याचे चाराच्या दराने पैसे लावले जात होते.

फायबर वजा करण्यापूर्वी ते आधीच वजा झालेले नाही ना, हे मात्र पाहावे. अमेरिकी पद्धतीत कर्बोदकांत फायबर धरलेले असते, तर युरोपीय पद्धतीत ते वेगळे असते. १०० ग्रॅममागची प्रथिने, स्निग्ध पदार्थ, कर्बोदके आणि फायबर यांची बेरीज करा. ती शंभराच्या वर गेली, तर फायबर दोनदा मोजले आहे. तुमच्या कोंड्याची १२७ येते. बेरीज शंभराच्या आत आली तर यावरून काहीच ठरत नाही, मग ऊर्जेचा छापील आकडा दोन्ही प्रकारे काढून पाहावा लागतो.

फायबरला शून्य धरणारेही पुष्कळ आहेत आणि तेही चूकच आहे. दोन ही सरासरी असल्यामुळे पेक्टिनसारखे सहज आंबणारे फायबर त्याहून अधिक देते, तर इसबगोल फारसे आंबत नसल्याने त्याहून बरेच कमी. शिवाय तुम्ही दिवसाला दोन चमचे, म्हणजे सातेक ग्रॅम कोंडा खात असाल, तर २१६ आणि ३५८ यांतला फरक जेमतेम दहा कॅलरींचा पडतो आणि तेवढ्यासाठी जीव टांगणीला लावू नये. फरक पडतो तो विकण्यासाठी पदार्थ करणाऱ्याला. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल, तर त्यांना सांगा की अहवालात फायबरची ओळ स्वतंत्र असूनही ऊर्जा सरसकट चारानेच काढलेली आढळली, तर सही करून घेण्याआधी प्रयोगशाळेला विचारावे की फायबरच्या चाचणीचे पैसे नेमके कशासाठी घेतले.