निविदेची बँक गॅरंटी: मार्जिन, कमिशन आणि ती वटवली जाण्याची वेळ

प्रश्न: दहा लाखांच्या गॅरंटीसाठी बँक अडीच लाखांची मुदत ठेव अडकवून ठेवते आहे, शिवाय कमिशनही घेते. हे दुहेरी कशासाठी?

या दोन रकमांचे काम वेगवेगळे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२६ नुसार हमीच्या करारात तीन पक्ष असतात: हमी देणारी बँक, ज्याच्यासाठी हमी दिली ते आपण, आणि जिला हमी मिळाली ती निविदा काढणारी संस्था. संस्थेने पैसे मागितले, तर बँकेला आधी स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात आणि नंतर ते आपल्याकडून वसूल करावे लागतात. मार्जिन म्हणजे या वसुलीचा आधीच बाजूला काढून ठेवलेला हिस्सा. मुदत ठेव आपल्याच नावावर राहते आणि तिचे व्याजही आपल्यालाच मिळते. मात्र तिच्यावर बँकेचा बोजा नोंदलेला असल्यामुळे गॅरंटी सुटेपर्यंत ती मोडता येत नाही.

आपली गॅरंटीची मर्यादा मंजूर असेल आणि तिला स्थावर मालमत्तेचे तारण असेल, तर बँक थोड्या मार्जिनवर भागवते. मर्यादाच नसेल, तर बहुधा शंभर टक्के रक्कम ठेवीत ठेवावी लागते. अशा वेळी कमिशनात सवलत मिळते का, हे जरूर विचारावे. कमिशन हे बँकेने पत्करलेल्या जोखमीचे शुल्क आहे आणि ते परत मिळत नाही. ते मार्जिन वजा करून नव्हे, तर गॅरंटीच्या पूर्ण रकमेवर आकारले जाते.

प्रश्न: गॅरंटीची मुदत दोन वर्षांची आहे, पण बँकेने तीन वर्षांचे कमिशन कापले. ही चूक आहे का?

चूक असेलच असे नाही. आधी गॅरंटीच्या मसुद्यातील क्लेम पीरियड पाहावा. मुदत संपण्याआधी घडलेल्या कसुरीबद्दल मागणी करण्यासाठी संस्थेला जो वाढीव काळ मिळतो, त्याला क्लेम पीरियड म्हणतात. त्या काळातही बँकेची जबाबदारी उभीच असते, म्हणून अनेक बँका त्यावरही कमिशन लावतात. समजा गॅरंटी दहा लाखांची आणि दर वार्षिक दोन टक्के आहे. दोन वर्षांचे कमिशन ४०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७,२०० रुपये होते. एक वर्षाचा क्लेम पीरियड जोडला, की हाच आकडा ७०,८०० वर जातो.

करार कायद्याच्या कलम २८ च्या तिसऱ्या अपवादाचा दाखला देऊन बँका बारा महिन्यांचा क्लेम पीरियड अनिवार्य असल्याचे सांगत आल्या आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लार्सन अँड टुब्रो विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात स्पष्ट केले, की हा अपवाद न्यायालयात दाद मागण्याच्या मुदतीबद्दल आहे, बँकेकडे मागणी करण्याच्या मुदतीबद्दल नाही. त्यामुळे निविदेच्या नमुन्यात कमी क्लेम पीरियड चालत असेल, तर हा निकाल दाखवून बँकेशी बोलावे. नमुन्यातच बारा महिने लिहिले असतील, तर मात्र हा खर्च निविदेचा दर भरतानाच धरायला हवा. माझ्या पाहण्यात हाच खर्च सर्वाधिक वेळा विसरला जातो.

प्रश्न: आमचा दर सर्वांत कमी ठरला, पण हिशेबात चूक सापडल्याने आम्ही निविदा मागे घेतली. कामच मिळाले नाही, तरी बयाणा रकमेची गॅरंटी वटवता येते का?

येते. बयाणा रकमेची हमी नेमकी याच प्रसंगासाठी घेतलेली असते. देकाराच्या वैधतेच्या काळात तो मागे घेणे किंवा बदलणे, आणि काम मिळाल्यावर करार न करणे किंवा कामाच्या पूर्ततेची हमी मुदतीत न देणे, या प्रसंगी बयाणा जप्त होतो. संस्थेचे प्रत्यक्ष किती नुकसान झाले, हे तिने आधी बँकेला सिद्ध करून दाखवावे लागत नाही. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे ही हमी देकाराच्या अंतिम वैधतेनंतर आणखी ४५ दिवस चालू असावी लागते. त्यामुळे वैधता संपण्याच्या बेतात निविदा मागे घेऊनही सुटका होत नाही.

प्रश्न: काम रखडले ते जागा उशिरा मिळाल्यामुळे. तरीही विभागाने बँकेला पत्र देऊन पूर्ततेची गॅरंटी वटवायला सांगितले आहे. वाद लवादापुढे असताना बँक पैसे देऊ शकते का?

गॅरंटी बिनशर्त असेल, तर बँक देऊ शकते. किंबहुना तिला द्यावेच लागतात. उशीर कोणामुळे झाला हा प्रश्न आपल्या आणि विभागाच्या करारातला आहे, आणि बँक त्या वादात न्यायनिवाडा करत नाही. "कोणतीही हरकत न घेता, मागणीसरशी" रक्कम देण्याचे शब्द गॅरंटीत असतील, तर बँक फक्त मागणीपत्र तपासते: ते मुदतीत आणि ठरलेल्या शाखेत आले आहे का, गॅरंटीत नमूद केलेल्या अधिकाऱ्याची सही आहे का, रक्कम मर्यादेत आहे का, आणि कसूर झाल्याचे जे विधान गॅरंटीच्या शब्दांनुसार आवश्यक आहे, ते पत्रात आहे का.

म्हणून आज लवादाच्या कागदांआधी गॅरंटी आणि मागणीपत्र शेजारी ठेवून ओळीने वाचावे. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार राज्य (१९९९) या प्रकरणात गॅरंटी सशर्त होती आणि ती मुख्य अभियंत्याच्या नावे असताना मागणी कार्यकारी अभियंत्याने केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी गॅरंटीच्या अटींनुसार नसल्याचे ठरवले. अशी उणीव दिसली, तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवावे.

उणीव नसेल, तर मनाई हुकूम मिळण्याची वाट अरुंद आहे. गॅरंटीच्या मुळाशीच असलेली गंभीर फसवणूक, किंवा पुढे कधीही भरून न येणारे नुकसान, असे दोनच मुख्य अपवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या सिंग कन्सल्टंट्स प्रकरणापासून मानले आहेत. विभागाचे म्हणणे चुकीचे असणे म्हणजे फसवणूक नव्हे, आणि सरकारी विभागाकडून पैसे नंतर वसूल होऊ शकत असल्यामुळे दुसरा अपवादही क्वचितच लागू पडतो.

रक्कम दिल्यावर बँक आधी अडीच लाखांची ठेव वळती करते आणि उरलेले साडेसात लाख आपल्या कॅश क्रेडिट खात्याला नावे टाकते. ते भरले नाहीत, तर त्यावर व्याज चढते आणि थकबाकी ९० दिवसांहून अधिक लांबली, तर खाते अनुत्पादित ठरू शकते. त्यामुळे मागणीपत्र आल्याचे कळताच या रकमेची तजवीज सुरू करावी. विभागाकडे गेलेल्या दहा लाखांचा दावा लवादापुढील मागण्यांत जोडता येतो. गॅरंटी वटल्याने आपली बाजू खोटी ठरत नाही.

प्रश्न: विभागाने बँकेला "मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या" असे लिहिले आहे. काय करावे?

काम किंवा दोषदायित्वाचा काळ खरोखर बाकी असेल, तर मुदत वाढवून घ्यावी; वाढीव काळाचे कमिशन दहा लाख गमावण्यापेक्षा पुष्कळ कमी असते. मुदतवाढीचा अर्ज बँकेत वेळेवर पोहोचला पाहिजे, कारण शेवटच्या दिवसापर्यंत वाढ झाली नाही, तर बँक हे पत्र रकमेची मागणी मानू शकते. वाढीसोबत मार्जिनच्या ठेवीची मुदतही पुढे न्यावी लागते.

प्रश्न: काम संपून दोषदायित्वही संपले. तरी बँक ठेव सोडत नाही.

विभागाकडून मूळ गॅरंटी आणि तिच्याखाली काही येणे नसल्याचे पत्र घेऊन दोन्ही बँकेत जमा करावे. बँकेची जबाबदारी क्लेम पीरियड संपेपर्यंत चालू राहते, म्हणून त्याआधी केवळ काम पूर्ण झाल्याचा दाखला तिला पुरत नाही. गॅरंटी मुदतीच्या बरीच आधी परत आली, तर उरलेल्या काळाच्या कमिशनाचा काही भाग परत देण्याची पद्धत काही बँकांत आहे. तो आपोआप मिळत नाही, अर्ज करून मागावा लागतो.