टीममधल्या भांडणावर लिहिताना पार्टनरची चूक लिहायची का?

"अर्जात २५० शब्दांत टीममधला वाद आणि मी स्वतःत काय बदललं ते लिहायचंय. फायनल इयरच्या प्रोजेक्टला पार्टनरशी भांडण झालेलं. त्याची चूक लिहू का? शेवट 'कम्युनिकेशन सुधारलं' असा केलाय."

लिही, पण एकाच वाक्यात, आणि अशी की त्याने वाचलं तर "हो, असंच झालं होतं" म्हणेल. "तो बेजबाबदार होता" हा तुझा शेरा झाला, "दोन आठवडे त्याने फिटिंग परत तपासलं नाही" ही घडलेली गोष्ट झाली.

मागे एका पोराचा ड्राफ्ट बघितला होता, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांचा प्रोजेक्ट होता. पॉवरलूमच्या क्रँकशाफ्टची एक फेरी म्हणजे बाण्याचा एक धागा, म्हणून फेऱ्या मोजायला सेन्सर लावलेला. पण १०० फेऱ्या झाल्या की आकडा ११० च्या पुढे जायचा. कोड याचा, फिटिंग पार्टनरचं. याने गाईडसकट सगळे असलेल्या ग्रुपवर टाकलं, "कोड बरोबर आहे, फिटिंग ढिलं आहे." पार्टनर यायचाच बंद झाला. शेवटी दोघं मागासमोर उभे राहिले तेव्हा कळलं की ब्रॅकेट थरथरत होतं हे खरंच, पण त्यामुळे एका फेरीत दोनदा येणारा सिग्नल याचा कोडही गाळत नव्हता.

पहिल्या ड्राफ्टमध्ये १७० शब्द सेन्सरवरच गेलेले, ग्रुपवरच्या मेसेजचा पत्ताच नाही, आणि शेवट तुझ्यासारखाच. आम्ही माग तीन वाक्यांत उरकला आणि तो मेसेज जसाच्या तसा आत घेतला. त्याला ते फार जड गेलं, दोन दिवस नको नको म्हणत होता, पण वाचणाऱ्याला त्याचं वागणं दिसतं ते तिथेच, बाकी सगळं तर मशीनबद्दल आहे.

मग बदल. "कम्युनिकेशन सुधारलं" यात नक्की काय केलं ते कुणाला दिसत नाही. त्याने लिहिलं, "आता चूक कुणाची हे ग्रुपवर टाकायच्या आधी मी त्या माणसाला फोन करतो आणि दोघं मिळून जागेवर जाऊन बघतो." आणि त्याला जोडून पुढच्या इंटर्नशिपमधला प्रसंग, तिथे सहकाऱ्याच्या रिपोर्टचे आकडे जुळेनात, हा आधी एकटा त्याच्याकडे फाईल घेऊन गेला, चूक त्याचीच निघाली तरी ग्रुपवर एक शब्द गेला नाही. हा दुसरा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या भांडणात प्रोजेक्ट अडकलेला असतो, तिथे माणूस गरजेपोटीही नमतं घेतो.

पार्टनरशी अजून नीट बोलणं नसेल तर "आता आम्ही जिवलग मित्र" असलं काही घुसडू नकोस, जेवढं मिटलं तेवढंच लिही. तुझा मेसेज किंवा तुझं वाक्य नक्की काय होतं ते आधी इथे टाक, मग बाकीचे शब्द कुठून कापायचे ते बघू.